हजर भाव, वायदा भाव आणि मधले साडेसात रुपये

महिनाभर मोकळे राहणारे सहा लाख रुपये हाताशी होते. वायदा भाव, म्हणजे पुढच्या तारखेच्या व्यवहारासाठी आज ठरणारा भाव, शेवटी हजर भावाला, म्हणजे रोखीच्या चालू भावाला, येऊन मिळतो हे अनेकदा वाचले होते, ते एकदा स्वतःच्या पैशाने करून पाहायचे ठरवले. एनएसईवर एकाच शेअरची हजर बाजारात खरेदी आणि त्याच वेळी त्याच्याच वायद्याची विक्री, म्हणजे कॅश-फ्युचर आर्बिट्राज. (आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.)

शेअर हजर बाजारात १,००० रुपयांना होता आणि ३० दिवसांनी संपणारा वायदा १,००७.५० ला. या साडेसात रुपयांच्या फरकाला प्रीमियम किंवा बेसिस म्हणतात. शेअर वाढणार असे बाजाराला वाटते म्हणून वायदा महाग असतो, हा समज मात्र बाजूला ठेवावा लागतो. शेअर आज घेऊन महिनाभर बाळगायचा तर हजार रुपये अडकतात. सात टक्के व्याजाने त्यांचे महिन्याचे सुमारे पावणेसहा रुपये होतात. वायदा घेणारा बहुतेक पैसे स्वतःकडेच ठेवतो, म्हणून हे व्याज तो विकणाऱ्याला भावातून देतो. मधल्या काळात लाभांश मिळणार असेल तर तो शेअर बाळगणाऱ्याचा, म्हणून तेवढी रक्कम वजा होते. दुसऱ्या एका शेअरचा वायदा हजर भावाच्या चार रुपये खाली दिसत होता, त्याचे कारण एवढेच होते: दहा रुपयांचा लाभांश त्याच महिन्यात मिळायचा होता.

लॉट, म्हणजे वायद्याचा कमीत कमी सौदा, ५०० शेअरचा. पाच लाखांचे शेअर आणि वायद्याच्या मार्जिनला, म्हणजे अनामत रकमेला, साधारण एक लाख, असे सहा लाख गुंतले. शेअर कुठेही गेला तरी एक्सपायरीला, म्हणजे वायदा संपताना, माझे ३,७५० रुपये ठरलेले होते, खर्च धरायच्या आधी.

ठरलेले असले तरी वाट सपाट नव्हती. दुसऱ्या आठवड्यात बाजार उसळला. शेअर १,०६० वर गेला आणि वायदा १,०६९ वर. दिवस कमी झाले तरी फरक नऊ रुपयांवर गेला होता. तेजीत उधारीवर पोझिशन घेणारे वाढतात आणि त्यासाठी जास्त व्याज मोजायला तयार होतात, म्हणून असे होते. शेअरवर मला ३०,००० चा फायदा दिसत होता, पण तो कागदावर. वायद्यातला ३०,७५० चा तोटा मात्र रोजच्या मार्क-टू-मार्केटमध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या भावाने होणाऱ्या हिशेबात, रोख भरावा लागला. गुंतलेल्या सहा लाखांखेरीज बाजूला रोकड ठेवली होती म्हणून निभावले. ती नसती तर ब्रोकरने वायद्याची पोझिशन त्याच वाईट भावाला कापली असती, आणि शेवटी फरक मिटणार हे माहीत असून उपयोग झाला नसता.

शेवटच्या आठवड्यात फरक दीड रुपयावर आला आणि एक्सपायरीच्या दुपारी शेअर १,०४२ ला असताना वायदा १,०४२.१० ला होता. हे जुळणे आपोआप होत नाही. शेअरच्या वायद्यात आता प्रत्यक्ष डिलिव्हरी द्यावी लागते आणि शेवटचा हिशेब हजर बाजाराच्या त्या दिवसाच्या बंद भावाने होतो. त्या दुपारी वायदा तीन रुपये महाग राहिला असता, तर कोणीही वायदा विकून, शेअर घेऊन, डिलिव्हरी देऊन ते तीन रुपये उचलले असते. बाळगायला दिवसच उरत नाहीत, त्यामुळे व्याजही उरत नाही. उरतो फक्त व्यवहाराचा खर्च, आणि तेवढा बारीक फरक मिटवण्यात कोणाला रस नसतो.

दुपारी डीलरचा फोन आला. “साहेब, डिलिव्हरी देणार की रोल करायचं?”

या प्रश्नाचे उत्तर खर्चाच्या हिशेबात होते. डिलिव्हरीच्या शेअरवर खरेदीला ०.१ टक्का आणि विक्रीला ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा कर, लागतो, म्हणजे पाच लाखांवर जवळपास हजार रुपये. स्टँप ड्युटी, वायद्याच्या विक्रीवरचा कर आणि बाकी शुल्क धरून तेराशेच्या आसपास जातात. ३,७५० मधून ते गेले की सहा लाखांवर वर्षाचा दर पाच टक्क्यांच्या आसपासच पडतो. साडेसात रुपये म्हणजे वर्षाला नऊ टक्के दिसतात, तरी ते उचलायला झुंबड का उडत नाही, ते इथे कळते.

शेअर मात्र आता माझ्याकडे होतेच. पुढच्या महिन्याचा वायदा १,०४९ ला होता. “रोल करा,” मी सांगितले. चालू वायदा १,०४२.१० ला परत घेतला आणि पुढचा विकला. शेअर विकले नाहीत, म्हणून विक्रीचा एसटीटी टळला. नव्या महिन्यात प्रीमियमचे ३,५०० आहेत आणि खर्च अडीचशेच्या घरात.