आमची वाटचाल : दोन जाहिराती, सारखे पैसे आणि दुसऱ्या दिवसाचा चकवा

आमचा लाकडी घाणा सांगलीत आहे. शेंगदाणा तेलाच्या ऑर्डरी आता मुख्यतः फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीतून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. कोणती जाहिरात लावायची हे आम्ही अंदाजावर सोडत नाही. दोन जाहिरातींना सारखे थोडे पैसे देऊन बघतो. ही पद्धत बसवताना जे पक्कं झालं ते एका चाचणीच्या हिशोबासकट इथे मांडतो.

प्रश्न साधा होता. जाहिरातीवर दर लिहावा की लिहू नये? व्हिडिओ एकच, घाण्यातून तेलाची धार पडतानाचा, 15 सेकंदांचा. ‘अ’ वर दर नाही. ‘ब’ वर शेवटचे चार सेकंद ‘5 लिटर डबा ₹1,750’. मजकूर, बटण, शहरं, वयोगट सगळं तेच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणती जिंकली ते कळतं, पण कशामुळे ते कळत नाही. दोन्ही पोस्ट नव्याच हव्यात. एका बाजूला आधीच लाइक आणि कमेंट पडलेली जुनी पोस्ट घेतली तर तिला सुरुवातीलाच पुढे उभं केल्यासारखं होतं.

मांडणीत नवखे हमखास एक चूक करतात. दोन्ही जाहिराती एकाच अ‍ॅड सेटमध्ये, म्हणजे एकाच बजेट आणि प्रेक्षकांच्या गटात, टाकतात. मग यंत्रणा पहिल्या काही तासांतच एकीला लाडकी करते आणि बहुतेक पैसे तिच्यावर जातात. दुसरीला संधीच मिळत नाही, आणि आपण समजतो की ती हरली. म्हणून दोन वेगळे अ‍ॅड सेट करायचे, कॅम्पेन पातळीवरचं बजेट बंद ठेवायचं आणि प्रत्येक सेटला स्वतःचं बजेट द्यायचं. त्यावर अ‍ॅड्स मॅनेजरमधली ‘A/B test’ लावायची, म्हणजे प्रेक्षकांची विभागणी होते आणि एकाच माणसाला दोन्ही दिसत नाहीत.

बजेट होतं प्रत्येकी रोज ₹300, 14 दिवस. म्हणजे प्रत्येकी ₹4,200, दोन्ही मिळून ₹8,400 आणि वर 18 टक्के जीएसटी. रोजचा खर्च काटेकोर ₹300 होत नाही, एखाद्या दिवशी जास्त जातो. आठवड्याला जुळतो, म्हणून एका दिवसाच्या खर्चावरून काही ठरवायचं नाही. 14 दिवसच का? आठवडे पूर्ण हवेत. रविवारी निवांत विचारणारे आणि मंगळवारी घाईत बघणारे वेगळे असतात. शिवाय महिन्याचा किराणा पगारानंतर भरला जातो. दोन्ही जाहिराती त्याच दिवसांत चालल्या तर तुलना ठीक राहते. पण 1 तारखेच्या आसपास मिळालेला प्रति चौकशी खर्च 20 तारखेला मिळेल असं धरू नये.

आता चकवा. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे होते : ‘ब’ 9 चौकश्या, ‘अ’ 4. दुपटीहून जास्त! कोणाचाही हात ‘अ’ बंद करायला जाईल. पण नाणं 13 वेळा उडवलं तर 9–4 किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण चारातून एकदा नुसत्या योगायोगाने लागतो. शंका असेल तर एकाच व्हिडिओच्या दोन हुबेहूब प्रती लावून बघा. आम्ही रोज ₹150 प्रमाणे आठवडाभर लावल्या. तिसऱ्या रात्री एकीला 11, दुसरीला 5. आठवड्याच्या शेवटी 27 आणि 24. व्हिडिओ तर तोच होता! छोट्या आकड्यांची हेलकावण्याची सवय किती मोठी असते हे त्यातून डोळ्यांनी दिसतं.

विजेता म्हणायला आम्ही एक ठोकळ नियम वापरतो. खर्च सारखा असेल तेव्हाच तो चालतो :

```
फरक > 2 × √(अ + ब)
```

9 आणि 4 ची बेरीज 13, वर्गमूळ 3.6, दुप्पट 7.2. फरक फक्त 5. निकाल नाही. दोन्ही जाहिराती खरोखर सारख्या असल्या तरी हा नियमही सुमारे 20 मधून एकदा खोटा विजेता काढतो, पण तो एकदाच, ठरल्या दिवशी तपासला तर. रोज बघून पहिल्या अनुकूल दिवशी थांबायचं म्हटलं, की पाच वेळा बघण्यात ही चूक 14 टक्क्यांच्या आसपास जाते आणि दहा वेळा बघण्यात 19 टक्क्यांच्या. म्हणून थांबायची तारीख आधी वहीत लिहायची. मधे बघायचं ते फक्त जाहिरात चालू आहे ना, नाकारली गेली नाही ना, एवढ्यासाठी. मधेच बजेट किंवा मजकुरात मोठा बदल केला तर यंत्रणेचा शिकण्याचा टप्पा पुन्हा सुरू होतो आणि आधीचे दिवस वाया जातात.

14 दिवसांनी ‘अ’ ला 118 चौकश्या आल्या, ‘ब’ ला 83. सुरुवात उलटली होती. फरक 35, मर्यादा 28.4. चौकश्यांवर ‘अ’ स्पष्ट जिंकली. चौकशीचा खर्च ‘अ’ चा सुमारे ₹36, ‘ब’ चा ₹51.

पण घाण्याला चौकश्या नाही, डबे विकायचे असतात. जाहिरातीवरून आलेल्या पहिल्या मेसेजवर ती जाहिरात दिसते. ते बघून त्याच वेळी चॅटला ‘अ’ किंवा ‘ब’ लेबल लावायचं. रात्री लावू म्हटलं की चार-पाच निसटतातच. विचारणारे लोक पाच-सहा दिवसांनीही पैसे पाठवतात, म्हणून ऑर्डरींचा हिशोब जाहिरात थांबल्यावर आणखी आठवड्याने केला : ‘अ’ 14, ‘ब’ 19.

इथे उलटा मोह होतो. ‘ब’ च्या शंभर चौकश्यांत 23 ऑर्डरी, ‘अ’ च्या 12, मग ‘ब’ च भारी! पण दर आधीच दाखवल्याने ज्यांना परवडत नाही ते गाळले गेले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पैसे सारखे गेलेत, तर थेट ऑर्डरीच मोजायच्या. फरक 5, बेरीज 33, मर्यादा 11.5. निकाल नाही. याच प्रमाणात फरक टिकला तरी तो मर्यादा ओलांडायला एकूण 175 च्या आसपास ऑर्डरी हव्यात, म्हणजे पाचपटीहून जास्त बजेट. एवढ्या प्रश्नासाठी ते घालण्यात आम्हाला अर्थ वाटला नाही. एवढ्या पैशांत फक्त ढळढळीत फरक पकडता येतात.

बरोबरी धरली की दुसरा खर्च बघायचा. ‘अ’ मुळे 35 जास्त चॅटना उत्तरं द्यावी लागली, त्यातली बहुतेक ‘दर काय?’ इथे सुरू होऊन तिथेच संपली. उत्तरं देणारा माणूस एकच, आणि तोच डबे भरतो. म्हणून ‘ब’ चालू ठेवली. वहीत मात्र ‘ब जिंकली’ असं नाही, ‘ऑर्डरीत फरक दिसला नाही, कमी चॅट म्हणून ब’ असं लिहिलंय. पुढच्या चाचणीला फरक मोठा घेतलाय : 5 लिटरचा डबा विरुद्ध 1 लिटरची बाटली.