स्का-पंक नोंदवही, महिना चौथा: स्नेअरची जागा

मंडळी, गेल्या महिन्याच्या शेवटी आमचा बँड एका गाण्यावर अडकला होता. कडवं रेगेत वाजवायचं आणि धृवपदाला थेट पंकमध्ये उडी मारायची, असं ठरलं होतं. दोन्ही तुकडे वेगवेगळे वाजवले की छान वाटायचे. जोडले की मात्र गाणं मधोमध मोडायचं. या महिन्यात ते का मोडतं हे कळलं, आणि ते समजायला १९७८-७९चं कॉव्हेंट्री उपयोगी पडलं.

आधी त्या शहराबद्दल थोडं. कॉव्हेंट्री म्हणजे इंग्लंडमधलं मोटारींच्या कारखान्यांचं गाव. युद्धानंतर तिथे कामासाठी कॅरिबियन बेटांवरून माणसं आली, आपल्याकडून पंजाबीही गेले. एकाच वस्तीत, एकाच शाळेत गोरी आणि जमैकन घरांतली पोरं वाढली. जमैकन घरांत आणि युवक केंद्रांत स्काच्या, म्हणजे रेगेच्या आधीच्या जमैकन संगीताच्या, आणि रेगेच्या जुन्या तबकड्या मोठमोठ्या स्पीकरांवर वाजायच्या. अशा वाजवण्याच्या संचाला ते साउंड सिस्टिम म्हणतात. पुढे ‘द स्पेशल्स’ झालेला बँड याच गावचा. जेरी डॅमर्स पाद्र्याचा मुलगा, आर्ट कॉलेजात शिकलेला. हॉरेस पँटर बेसवर. गिटारवाला लिनव्हल गोल्डिंग जमैकात जन्मलेला, लहानपणी इंग्लंडला आलेला. दुसरा गिटारवाला रॉडी मात्र पक्का पंक आणि रॉक-अँड-रोलचा. नेव्हिल स्टेपल जमैकात जन्मलेला आणि साउंड सिस्टिमवर तयार झालेला. तो आधी बँडचं सामान उचलायला होता, आणि १९७८मध्ये ‘द क्लॅश’ या पंक बँडबरोबरच्या दौऱ्यात माइक हातात घेऊन तालावर बोलू लागला. तालावर बोलायची ही जमैकन रीत त्याच्याबरोबरच मंचावर आली.

या दौऱ्यात बँडला तीच अडचण आली, जी आम्हाला ठाण्यातल्या भाड्याच्या खोलीत आली. ते एक भाग रेगे आणि एक भाग पंक वाजवायचे, आणि पंकवर उड्या मारणारी पोरं रेगे लागलं की थबकायची. डॅमर्सने तोडगा काढला तो रेगेचा वेग वाढवायचा नाही, तर रेगेच्याही आधीच्या, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या स्काकडे मागे जायचा.

मला हे आधी नुसतं ‘स्का जलद असतो’ एवढंच वाटत होतं. तसं असतं तर आमचा प्रश्न केव्हाच सुटला असता, कारण मी वेग जुळवून पाहिला होता. मेट्रोनोम मिनिटाला १५२ क्लिकवर ठेवला, मध्ये अजिबात बदलला नाही. कडवं वन-ड्रॉप रेगे: चार क्लिक मोजायचे, पहिला मोकळा, तिसऱ्यावर किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम आणि स्नेअर म्हणजे काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम एकत्र, गिटार दुसऱ्या आणि चौथ्या क्लिकवर. मग धृवपद पंक: किक पहिल्यावर आणि तिसऱ्यावर, स्नेअर दुसऱ्यावर आणि चौथ्यावर. क्लिक तोच, तरी धक्का बसतोच. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर बदलानंतर आमचा ड्रमर जवळजवळ दोन आवर्तनं चाचपडत होता.

कारण कागदावर लिहिल्यावर दिसलं. स्नेअर तिसऱ्यावरून उठून दुसऱ्या-चौथ्यावर जाते, म्हणजे गिटारच्या जागेवर येऊन बसते. जिथे सगळं वजन पडत होतं, त्या तिसऱ्यावर आता फक्त किक उरते. ऐकणाऱ्याचं शरीर ज्या ठोक्यावर वाकत होतं तो ठोकाच सरकला. वेग तोच असून गाणं बदलल्यासारखं वाटतं ते यामुळे.

स्कात मात्र त्याच १५२ला स्नेअर आधीपासून दुसऱ्या आणि चौथ्यावरच असते. गिटार दोन क्लिकच्या मधल्या जागेत पडते, अर्ध्या मात्रेवर. मग पंककडे जाताना ड्रमरला फार काही करावं लागत नाही. बदलते ती गिटार: मधल्या जागेतल्या चार फटक्यांऐवजी आठही जागी खाली जाणारे फटके. स्नेअर खिळ्यासारखी जागच्या जागी. पहिल्याच प्रयत्नात जोड बसली. मी ते रेकॉर्डिंग त्या संध्याकाळी बहुतेक वीस वेळा ऐकलं.

हाताचं सांगतो, कारण इथे माझा दीड महिना गेला. लहानपणी चार वर्षं तबला शिकल्यामुळे समेवर हात पडल्याशिवाय मला चैन पडत नाही. स्कँक, म्हणजे अर्ध्या मात्रेवरचे हे गिटारचे फटके, वाजवताना उजवा हात नकळत मात्रेवर सरकतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सरकल्यावर ते बरोबरच वाटतं, कारण नियमित तर असतंच. ओळखायची खूण अशी: क्लिक आपल्या फटक्याखाली लपला, वेगळा ऐकू येईना, की समजायचं आपण उलटलो. क्लिक आणि फटका आळीपाळीने, दोन वेगळे आवाज म्हणून ऐकू आले पाहिजेत. मी १००पासून सुरू केलं, पाय प्रत्येक क्लिकवर आपटायचा आणि पाय वर असताना फटका. चार चार करत १५२ला पोहोचलो.

दुसरी गोष्ट सुराच्या लांबीची. १५२ला अर्धी मात्रा सेकंदाच्या पाचव्या भागाएवढीच असते. सूर तेवढाही टिकू द्यायचा नाही. त्यासाठी डावा हात तारांवरून उचलायचा नाही, फक्त दाब सोडायचा, म्हणजे बोटांनीच तार बंद होते. वाजवायच्याही बारीक तीन-चार तारा. जाड तारा घेतल्या की बेसची जागा खाल्ली जाते. १६५च्या पुढे माझे सूर एकमेकांत मिसळतात, तिथे अजून जमत नाही.

स्पेशल्सच्या १९७९च्या ‘गँगस्टर्स’ या गाण्याकडे आता परत गेलो तर तिथे हे सगळं ऐकू येतं. हे गाणं जमैकन स्का गायक प्रिन्स बस्टरच्या १९६०च्या दशकातल्या ‘अल कपोन’वर उभं आहे, सुरुवातीला गाडीचे टायर करकचतात तेसुद्धा तिथलंच. पण स्पेशल्सचा ड्रमर जॉन ब्रॅडबरी याचे ड्रम पंकच्या माणसाला लगेच पकडता येतील असे आहेत, आणि स्नेअरच्या कडेवर काठी मारून तो जो कडक आवाज काढतो तो जुन्या जमैकन तबकड्यांची आठवण देतो. पहिल्या पाच हजार प्रती त्यांनी स्वतःच्या ‘टू टोन’ नावाने काढल्या.

त्याच वर्षीच्या ‘अ मेसेज टू यू रुडी’बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूळ गाणं डँडी लिव्हिंगस्टनचं, १९६७चं. त्यात ट्रॉम्बोन वाजवला होता रिको रॉड्रिग्जने, जो किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकला आणि १९६१मध्ये इंग्लंडला आला. बारा वर्षांनी स्पेशल्सनी ते गाणं घेतलं तेव्हा ट्रॉम्बोन वाजवायला तोच माणूस आला. दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐका. ट्रॉम्बोन सुरू होताना मी हातातलं काम थांबवतो.

सध्या अडलंय ते ऑर्गनवर. डॅमर्सचा ऑर्गन गिटारच्या फटक्यांमधली उरलेली जागा भरतो, आणि आमच्याकडे ती जागा रिकामी राहते. त्यामुळे कडवं हडकुळं वाटतं. मित्राचा जुना कीबोर्ड रविवारी मिळतोय. उजव्या हाताने गिटारबरोबर अर्ध्या मात्रेवर आणि डाव्या हाताने त्याच्या अलीकडे-पलीकडे असे हलके सूर टाकून पाहणार आहोत, आधी १२०ला.