कर्ज विभागातील पदासाठी लिहिलेला ई-मेल : माझा अनुभव

जाहिरात मराठी दैनिकात आली होती. बेळगाव, निपाणी आणि चंदगड या भागांत शाखा असलेल्या एका बहुराज्य पतसंस्थेला निपाणी शाखेसाठी कनिष्ठ कर्ज अधिकारी हवा होता. अर्ज ई-मेलने, मराठीतून आणि परिचयपत्रासह मागवले होते, आणि तीन वर्षांच्या अनुभवास प्राधान्य असल्याचे नमूद केले होते. मी त्या वेळी खानापूर तालुक्यातील एका लहान पतसंस्थेत कर्जप्रकरणांची छाननी करत होते आणि जाहिरात वाचल्यावर त्याच संध्याकाळी मोबाइलवर पुढील मजकूर लिहिला होता :

“नमस्कार सर, कसे आहात? पेपरात तुमची अ‍ॅड बघितली. मला कर्ज विभागात काम करायला खूप आवडतं, अनुभव पण आहे. कन्नड पण येतं. एक चान्स द्या की सर, नक्की चांगलं काम करून दाखवेन. बायोडाटा जोडलाय, बघून कळवा की. थँक्यू 🙏🙏”

हा मजकूर पाठवण्यापूर्वी मी तो आमच्या शेजारच्या काकांना दाखवला. सहकारी बँकेत शाखाधिकारी म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले असून, उमेदवारांच्या अर्जांचे गठ्ठे त्यांनी पुष्कळ चाळले आहेत. त्यांनी भाषेबद्दल काहीच म्हटले नाही. “अर्ज वाचणाऱ्याला यातून तुझ्याबद्दल काय कळलं, ते मला सांग,” एवढेच त्यांनी विचारले. मी पुन्हा वाचून पाहिले, तेव्हा लक्षात आले की पद कोणते, शाखा कोणती, अनुभव कशाचा आणि किती, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. ‘की’ आणि हात जोडलेली चिन्हे काढून टाकणे सोपे होते, परंतु ती काढल्यावर मागे उरणारे काही नव्हते.

दुसरा मसुदा मी अगदी शाळेत शिकवलेल्या अर्जाच्या थाटात लिहिला. “महोदय, मी खाली सही करणार आपणास नम्र विनंती करते की…” अशी त्याची सुरुवात होती आणि “कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, आपली आज्ञाधारक” असा शेवट. हा मसुदा वरकरणी औपचारिक दिसत होता. तरीही पहिल्या मसुद्यातील “चान्स द्या की सर” हीच याचना त्यात अधिक जड शब्दांत आली होती. आपल्याकडे औपचारिक लिहायचे म्हटले की तलाठी कार्यालयात द्यायच्या अर्जाची भाषा आपोआप हातात येते, कारण आपण बहुतेकांनी आयुष्यात तेवढेच औपचारिक लेखन केलेले असते. तिथे आपण काहीतरी मागत असतो. नोकरीच्या पत्रात मात्र आपण संस्थेचे कोणते काम करू शकतो हे सांगायचे असते, म्हणून ‘सहानुभूती’ आणि ‘कृपा’ या शब्दांना तिथे जागा नाही. “आपली विश्वासू” पुरेसे आहे.

यानंतर काकांनी मला कागद बाजूला ठेवायला सांगून विचारले, “कर्जप्रकरण तुझ्या टेबलावर आलं की तू पहिल्यापासून शेवटपर्यंत नेमकं काय करतेस?” मी सांगत गेले आणि ते एका जुन्या डायरीत लिहीत गेले. जमीन तारण असेल तर मी प्रथम पहाणीचा उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, घेते. नवव्या रकान्यातील खातेदाराचे नाव आधार कार्डावरील नावाशी जुळते का ते पाहते, कारण उतारा कन्नडमध्ये असतो, आधारवरील नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते आणि गावात बाळू म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदावर बाळकृष्ण निघतो. मग अकराव्या रकान्यात बोजा आहे का ते पाहते. येथे एक गोष्ट वारंवार आढळते : गावच्या सेवा सोसायटीचे कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण बोजा कमी केल्याची नोंद झालेली नसते. अशा वेळी सभासदाला सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन नोंद कमी करून आणायला सांगावे लागते, नाहीतर मुख्य कार्यालय प्रकरण परत पाठवते. उपनिबंधक कार्यालयातून आलेली ई.सी., म्हणजे त्या जमिनीच्या नोंदलेल्या व्यवहारांचा दाखला, पंधरा नंबरच्या नमुन्यात आहे की सोळा नंबरच्या, हेही पाहावे लागते. पंधरामध्ये नोंदलेले व्यवहार असतात, तर सोळा नंबर म्हणजे त्या कालावधीत कोणताही व्यवहार नोंदलेला नाही.

हे सगळे मला इतके रोजचे झाले होते की अर्जात लिहिण्याजोगे त्यात काही आहे असे वाटलेच नव्हते. काकांच्या मते संस्थेला हवा होता तो मजकूर हाच होता. निपाणी शाखेचे सभासद मराठीत बोलणार आणि त्यांचे उतारे कन्नडमध्ये असणार. त्या दोहोंच्या मध्ये बसून कागद बिनचूक करणारी व्यक्ती त्यांना हवी आहे. “कन्नड पण येतं” या वाक्यातील ‘पण’ने हीच गोष्ट कोपऱ्यात ढकलली होती.

पुढचा प्रश्न पुराव्याचा होता. मी तपासणीसाठी एका पानाची यादी तयार केली होती आणि त्यानंतर परत येणारी प्रकरणे कमी झाली, एवढे मला ठाऊक होते. काकांनी ‘कमी’ म्हणजे किती असे विचारले, तेव्हा मी शाखेतील आवक-जावक नोंदवही पाहिली. यादी करण्यापूर्वीच्या जमीन-तारणाच्या 40 प्रकरणांपैकी 11 प्रकरणे त्रुटींसाठी परत आली होती, नंतरच्या 40 पैकी 3. हा आकडा माझ्या स्वतःच्या कामाचा असल्याने लिहिण्यास हरकत नव्हती. शाखेची एकूण थकबाकी, ठेवी किंवा एखाद्या सभासदाचे नाव मात्र अर्जात कधीही येता कामा नये, असे काकांनी बजावले. सध्याच्या संस्थेची माहिती बाहेर सांगणारा उमेदवार उद्या आपलीही सांगेल, हे वाचणाऱ्याच्या मनात लगेच येते.

क्रियापदांच्या बाबतीतही ते कडक होते. मी उत्साहाच्या भरात “कर्जे मंजूर केली” असे लिहिले होते. मंजुरी संचालक मंडळाची असते. माझे काम छाननीचे आणि शिफारशीची टिपणी तयार करण्याचे. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला हे उघडे पडले असते. त्याच न्यायाने भाषेचे वाक्यही बदलले. मराठी माध्यमात शिकताना कन्नड विषय असल्यामुळे मी कन्नड वाचते आणि बोलते, पण कार्यालयीन कन्नड लिहिण्याचा सराव कमी आहे, म्हणून तेवढेच लिहिले. निपाणीला महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यातील सभासद असणार, म्हणजे सातबाराही येणार. तो मला वाचता येतो, मात्र त्यावरील प्रकरणे हाताळलेली नाहीत, आणि पत्रात हे तसेच स्पष्ट राहू दिले. तीन वर्षांऐवजी माझा अनुभव सव्वादोन वर्षांचा होता. त्याबद्दल “क्षमस्व” लिहायचे नाही आणि लपवायचेही नाही. आकडा सांगून कामाकडे वळायचे, असे ठरले.

अखेर जो ई-मेल गेला तो असा :

“विषय : कनिष्ठ कर्ज अधिकारी, निपाणी शाखा – अर्ज

माननीय व्यवस्थापक,
सप्रेम नमस्कार.

निपाणी शाखेतील कनिष्ठ कर्ज अधिकारी या पदासाठी मी अर्ज करत आहे. खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेत गेली सव्वादोन वर्षे मी कर्जप्रकरणांची छाननी करते आणि मंजुरीसाठी टिपणी तयार करते.

जमीन-तारण प्रकरणांतील पहाणी उतारा, बोजाच्या नोंदी आणि ई.सी. यांची तपासणी हे माझे मुख्य काम आहे. त्यासाठी मी तयार केलेली तपासणी यादी शाखेत वापरली जाते. ती लागू झाल्यानंतर त्रुटींसाठी परत येणारी प्रकरणे दर 40 मागे 11 वरून 3 वर आली. मी सभासदांशी मराठीत व कन्नडमध्ये बोलते आणि कन्नड कागदपत्रे स्वतः वाचते. कार्यालयीन कन्नड लेखनाचा माझा सराव मर्यादित आहे. सातबारा उतारा मला वाचता येतो, मात्र त्यावरील प्रकरणे अद्याप हाताळलेली नाहीत.

परिचयपत्र सोबत जोडले आहे. मुलाखतीसाठी मी कोणत्याही कामाच्या दिवशी येऊ शकते. सध्याच्या संस्थेशी संपर्क साधण्यापूर्वी मला कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,”

आणि खाली नाव, गाव व मोबाइल क्रमांक. विषयाच्या ओळीत पदाचे नाव पहिले ठेवण्याचे कारण एवढेच की मोबाइलच्या पडद्यावर लांब ओळीचा शेवट दिसत नाही. आपण कष्टाळू, प्रामाणिक आणि होतकरू आहोत, हे वाक्य मात्र मी मुद्दाम कुठेही ठेवले नाही. ते प्रत्येक अर्जात असते, त्यामुळे ते कोणी वाचत नाही.

एक तांत्रिक अडचण इथे नोंदवणे गरजेचे आहे, कारण आमच्या भागात ती सर्रास येते. माझे परिचयपत्र डीटीपीच्या दुकानात जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. असा मजकूर उचलून ई-मेलमध्ये चिकटवला की मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटतात, आणि वर्ड फाइल पाठवली तर ज्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नाही त्यांनाही तेच दिसते. म्हणून ई-मेलचा मजकूर मी मोबाइलच्या मराठी कळफलकावर नव्याने टाइप केला आणि परिचयपत्र दुकानातूनच पीडीएफ करून घेतले. पीडीएफमध्ये फॉन्ट समाविष्ट होत असल्याने अक्षरे जशीच्या तशी राहतात. फाइलचे `biodata final 2 new` हे नाव बदलून माझे नाव आणि पदाचे नाव दिले. कॉलेजच्या काळातील गमतीदार ई-मेल पत्ता बाजूला ठेवून फक्त नाव-आडनावाचा नवीन पत्ता उघडला. मग सर्व काही आधी बहिणीच्या पत्त्यावर पाठवले आणि तिच्या मोबाइलवर फाइल उघडते का, अक्षरे नीट दिसतात का, हे पाहून घेतले.

उत्तर लगेच आले नाही. आठवडाभर थांबून मी त्याच ई-मेलच्या धाग्यात, म्हणजे मूळ अर्ज खाली दिसत राहील अशा रीतीने, दोनच वाक्ये लिहिली : “वरील पदासाठी पाठवलेला माझा अर्ज आपणास मिळाला असल्याची खात्री करून घेऊ इच्छिते. आणखी कागदपत्रे आवश्यक असल्यास ती त्वरित पाठवीन.” त्यावर दुसऱ्या दिवशी मुलाखतीची तारीख आली. मुलाखतीत त्यांनी तपासणी यादीची प्रत मागितली. ती मी सोबत नेली होती, सभासदांची नावे नसलेली, कोरी.