उन्हातले काप, तिसरी खेप: चूक करवतीची होती

उन्हात खड्यांचा रंग उडतो का हे बघायला एकाच खड्याचे दोन काप घेऊन एक गच्चीवर उन्हात आणि त्याचा जोडीदार अंधारात ठेवतोय. मागच्या दोन खेपांत ॲमेथिस्टने, म्हणजे जांभळ्या क्वार्ट्झने, नुसता वैताग आणला. गच्चीवरचा काप फिका पडलाय असं वाटायचं, पण अंधारातल्या जोडीदाराशेजारी ठेवला की कधी फरक भलताच मोठा, तर कधी चक्क उलटा. आता कारण सापडलंय. उन्हाचा यात काही दोष नव्हता, काप चुकीच्या दिशेने घेतले होते.

ॲमेथिस्टमध्ये रंग सारखा पसरलेला नसतो. स्फटिकाच्या टोकाकडच्या तिरप्या पैलूंखाली तो दाट असतो आणि बुडाकडे जवळजवळ पांढरा. आपण आडवे काप घेत होतो, म्हणजे एक टोकाचा आणि दुसरा त्याच्या खालचा, मुळातच वेगळ्या रंगाचे. त्यात हा खडा एका दिशेने निळसर जांभळा दिसतो आणि दुसऱ्या दिशेने तांबूस. या वेळी टोकापासून बुडापर्यंत उभे, 3 मिमी जाडीचे, अगदी एकमेकांना लागून असलेले दोन काप काढले. पातळ ब्लेड मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर खातं, त्यामुळे दोन्हींवरचे पट्टे हुबेहूब जुळतात. ब्लेडवर पैसे वाचवू नका. जाड ब्लेडने कडा तडकतात आणि तडे रंग फिका दाखवतात.

दुसरा घोळ फॉइलचा. अर्धा काप फॉइलने झाकला तर तो भाग प्रकाशापासून वाचतो खरा, पण फॉइल ऊनही परतवते, म्हणून तो थंडही राहतो. मग रंग उडवला कोणी, प्रकाशाने की उष्णतेने? यावर उपाय म्हणजे दुसरा काप काळ्या रंगाच्या पत्र्याच्या बंद डबीत घालून तिथेच उन्हात ठेवायचा. उकाडा उघड्या कापापेक्षा जास्त, प्रकाश शून्य. भर दुपारी डबीतला थर्मामीटर 60 अंशांपर्यंत गेला.

सात आठवड्यांनी उघड्या कापावरची फॉइल काढली तेव्हा तिच्या कडेशी एक फिकट पण सरळ रेघ दिसली. ती रेघ बघायला दोन खेपा वाया गेल्या होत्या! डबीतल्या कापात काहीच बदल नाही. म्हणजे इथे रंग प्रकाशानेच उतरतो. ॲमेथिस्टचा जांभळा रंग क्वार्ट्झमधल्या लोहावर नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम होऊन आलेला असतो, आणि सूर्यप्रकाश तो परिणाम हळूहळू पुसतो. तुलना मात्र ढगाळ दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर करा. पिवळ्या बल्बखाली ॲमेथिस्ट नेहमीच वेगळा दिसतो.

टोपाझने एवढी वाट पाहायला लावली नाही. अमेरिकेतल्या युटामधल्या थॉमस रेंज डोंगरांतला, शेरीसारख्या तपकिरी रंगाचा स्फटिक पहिल्याच आठवड्यात उतरू लागला. तिथेही उघड्यावर सापडणारे स्फटिक बहुधा रंगहीनच असतात. निळा टोपाझ जसाच्या तसा आहे. तो रंगहीन टोपाझला किरणोत्सार देऊन, मग तापवून केलेला असतो; अस्थिर तपकिरी छटा त्या तापवण्यातच निघून गेलेली असते.

बाजारात पुखराजाचा स्वस्त पर्याय म्हणून मिळणारा सुनेला, म्हणजे सिट्रीन, बहुतेक वेळा तापवलेला ॲमेथिस्टच असतो. एका विक्रेत्याने ‘बिनतापवलेला’ म्हणून दिलेल्या रफचं, म्हणजे न घडवलेल्या खड्याचं, बूड दुधी पांढरं आणि टोक तांबूस नारिंगी निघालं. ही तर भट्टीची सही! उन्हात तो ढिम्म हलला नाही, आणि तसंच अपेक्षित होतं.

पुढची खेप टोपाझचीच करायची होती, पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. ॲमेथिस्टचे उरलेले तुकडे वाळूत पुरून भट्टीत घालायचे: तासाला 100 अंश चढवत 450 पर्यंत, दोन तास तिथे, मग दार न उघडता थंड. घाई केली तर तडे जातात. 573 अंशांना क्वार्ट्झची रचनाच बदलते, त्यामुळे त्याच्या बरंच खाली राहायचं.

अंगठीवाल्यांना यातून इतकंच. ॲमेथिस्ट समारंभाला खुशाल घाला, पण रोज उन्हात काम करताना नको, आणि खिडकीतल्या डिस्प्लेत तर मुळीच नको. तपकिरी टोपाझ कायम बंद डबीत, तोही वेगळ्या कप्प्यात, कारण तो क्वार्ट्झला ओरखडे पाडतो. खडा धरून ठेवणारा प्राँग दुरुस्त करायचा असेल तर टॉर्चची आच लागण्याआधी सोनाराकडून खडा उतरवून घ्या. चांदीचा डाख वितळतो त्या तापमानाच्या कितीतरी आधी ॲमेथिस्टचा रंग जातो. गरम अंगठी पाण्यात बुडवली तर टोपाझ त्याच्या सपाट फाटीवर सरळ दुभंगू शकतो. म्हणूनच त्याला स्टीमर आणि अल्ट्रासॉनिक दोन्ही वर्ज्य. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे.

उघडा काप पावसाळ्यापुरता आत आणलाय. फॉइलची खूण पेन्सिलीने केली आहे, ऑक्टोबरच्या उन्हात तो पुन्हा त्याच जागी जाईल.