तीन ट्यूब आणि खोक्यावरची एक ओळ

‘पुरुषांसाठी काढलंयस म्हणतोस, मग तीनच वस्तू? आणि गोरं करणारी क्रीमच नाही? पोरं तेच तर मागतात!’

पुरुषांच्या चेहऱ्यासाठी मी माझा स्वतःचा माल काढला, तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबागेतल्या मेडिकलवाल्यांपासून आमच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. दर वेळी अर्धंमुर्धं उत्तर देऊन सुटलो. आता एकदा सगळं सांगतो.

तीनच का, हे सोपं आहे. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. आजवर साबण आणि दाढीनंतरची तुरटी यापलीकडे ज्याने चेहऱ्याला काही लावलं नाही, त्याच्या हातात सहा बाटल्या दिल्या तर तो आठवड्यात सगळ्या कपाटावर टाकतो. शिवाय कारखाना माझा नाही. माल परवाना असलेल्या कंपनीकडून बनवून घेतो. तिथे प्रत्येक वस्तूला किमान बॅच घ्यावीच लागते, प्रत्येकीची ट्यूब वेगळी, छपाई वेगळी, मुदत वेगळी. सीरम, स्क्रब, दाढीचं तेल असं वाढवत गेलो असतो तर पैसा ट्यूबमध्ये अडकून मुदत संपायची वाट बघत बसलो असतो.

या तिघांतही प्रत्येकाला काम आहे. साबणाचा पीएच ९-१० च्या घरात असतो, चेहऱ्याच्या त्वचेचा साधारण ५. त्यात आपल्याकडचं बोअरचं जड पाणी, म्हणजे तोंड धुतलं की कातडी ओढल्यासारखी होते. म्हणून सौम्य फेसवॉश. मॉइश्चरायझर बिनवासाचं, कारण ते नुकत्याच दाढी केलेल्या गालावर लागणार आणि तिथे सुगंध आणि अल्कोहोल झोंबतात. ‘वास नाही, मग पुरुषांचं कसं कळणार?’ असंही लोक विचारतात. कळायची गरज नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता गोरेपणाचं.

माल बाजारात आणायच्या आधी ओळखीच्या काही जणांना तिन्ही ट्यूब वापरायला दिल्या होत्या. त्यात तासगावकडचा माझा चुलतभाऊ होता. द्राक्षाची बाग, दिवसभर ऊन, आणि लग्न ठरलेलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, ‘दादा, लई आग होतीया. तुझं ते क्रीम लावलं की तोंड पेटतंय.’ मी हबकलो. एवढी उधारउसनवार करून उभा केलेला माल, आणि पहिला ओरडा घरातूनच.

त्याला बोलावून घेतलं. त्याच बॅचचं मॉइश्चरायझर मी स्वतः लावत होतो, बाकीचेही लावत होते, कुणाला काही नव्हतं. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ठेवलं आणि दोन दिवस बघितलं. तिथे खाज नाही, लाली नाही. हातावर काही होत नाही आणि चेहऱ्यावर आग होते, म्हणजे बिघडलाय तो चेहरा. मग उजेडात नीट पाहिलं. गालावरची कातडी पातळ, चकाकणारी, खालच्या बारीक लाल शिरा दिसत होत्या. हनुवटीवर एकाच मापाचे बारीक पुरळ. उन्हात गेलं की तोंड लालबुंद.

‘आधी काय लावत होतास?’ विचारलं तर गप्प. शेवटी खिशातून ट्यूब काढली. वरचं नाव सगळ्यांना माहीत असतं, ते इथे लिहीत नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. वांगाच्या डागांवर त्वचारोगतज्ज्ञ काही आठवड्यांपुरतं लिहून देतात ते औषध. हा लग्नासाठी गोरं व्हायचं म्हणून महिनोन् महिने लावत होता, मित्राने सांगितलं म्हणून. पहिल्या काही दिवसांत चेहरा खरंच उजळतो, हीच यातली फसवणूक. स्टिरॉइडने कातडी पातळ होत जाते, आणि लावायचं बंद केलं की आधीपेक्षा जास्त भडकते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. याला ती चिठ्ठीशिवायच मिळाली होती.

त्याला मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी टप्प्याटप्प्याने ती ट्यूब सोडवली. मधले आठवडे फार वाईट गेले. चेहरा सुजून यायचा, तो घराबाहेर पडेना, लग्नाच्या खरेदीलाही गेला नाही. काकू मला म्हणाल्या, ‘तुझ्याच क्रीमनं झालं, असं लोक म्हणतायत.’ कुणाकुणाला सांगत बसणार? त्याची ट्यूब दाखवली असती तर त्याची लाज गेली असती, म्हणून मी गप्प बसलो. ते अजूनही लागतं मला.

त्यानंतर खोक्यावरची ओळ ठरली: ‘रंग बदलत नाही. उन्हापासून जपतं.’ आणि मागे मोठ्या अक्षरांत: ‘आधी गोरं करणारी ट्यूब लावत असाल तर हे सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.’ कोल्हापूरकडच्या एका वितरकाने ती ओळ वाचून खोकं परत सरकवलं. ‘जे करत नाही ते कशाला लिहिता? ब्राइटनिंग लिहा, उद्या माल उचलतो.’ मोठी ऑर्डर होती. नाही म्हणून आलो. मूर्खपणा केला असं घरचे म्हणतात, आणि हप्त्याची तारीख जवळ आली की त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे फार काही नसतं.

खरं ते हेही सांगतो. सनस्क्रीन सगळ्यात कमी खपतं. पहिला नमुना झिंक ऑक्साइडचा होता, सावळ्या चेहऱ्यावर राखाडी पांढरट थर दिसायचा, पोरं हसायची. मग ऊन अडवणारे दुसरे फिल्टर घालून बनवून घेतलं, ते दिसत नाही पण महाग पडतं. आणि जे घेतात ते पुरेसं लावत नाहीत. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर रेघ ओढून येईल इतकं, म्हणजे साधारण एक ग्रॅम लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब रोज वापरली तर दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. एखादा कौतुकाने ‘चार महिने पुरली’ म्हणाला की मला कळतं, हा निम्म्याहून कमी लावतोय आणि खोक्यावरचा एसपीएफ ५० त्याला मिळतच नाहीये. कारण ती मोजणी चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाड थरावर केलेली असते.

आधी मी वेगळा विचार करायचो. गिऱ्हाईक मागतं ते द्यावं, फक्त सुरक्षित द्यावं, नायसिनमाइड घालावं आणि ‘उजळ’ लिहावं. नायसिनमाइडने डाग थोडे फिके होतात हे खोटं नाही. आणि सनस्क्रीन नीट लावलं तर उन्हाने आलेला काळवंडलेपणा हळूहळू उतरतो, हेही खरंच आहे. मग ‘टॅन कमी होतो’ लिहिलं तर काय बिघडलं? काही बिघडत नाही, असं एक मन म्हणतं. पण ती ओळ वाचणारा लग्न ठरलेला पोरगा तिचा अर्थ ‘गोरं’ असाच घेणार, आणि आठ दिवसांत फरक दिसला नाही की पुन्हा त्या जुन्या ट्यूबकडे जाणार, असं दुसरं म्हणतं.

पुढच्या बॅचच्या खोक्यांची छपाई याच महिन्यात द्यायची आहे. दोन्ही मजकूर कुपवाडच्या छापखान्यात देऊन ठेवलेत. कुठला छापायचा, ते अजून सांगितलेलं नाही.