आमची वाटचाल : चौदा माणसं, नऊ एका गावची

भोसरीत दोन सीएनसी लेथवर शेड सुरू केली. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी गोष्ट माणसं टिकेनात तेव्हा सुरू झाली. पाचशे रुपये जास्त मिळाले की ऑपरेटर शेजारच्या गाळ्यात जायचा. म्हणून मी जाहीर केलं, माणूस आणा, तो रुजू झाला की तीन हजार घ्या.

आमच्या सेटरने झपाट्याने माणसं आणली. त्याच्या हातात कला होती, खोटं बोलणार नाही. पण इंटरव्ह्यूही तोच घ्यायचा. वर्षभरात चौदापैकी नऊ जण त्याच्या गावचे झाले. गावची जत्रा आली की दोन्ही लेथ बंद.

मग बुशचा लॉट फसला. 25 H7 चा बोअर, म्हणजे भोकाची वरची मर्यादा 25.021 मिमी. इन्सर्ट झिजल्यावर सेटरने ऑफसेट जरा जास्तच दिला आणि प्लग गेजची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत जायला लागली. चेकिंगला त्याचा मावसभाऊ. सगळं दिसत असून त्याने रिपोर्टवर सही केली. भावाला कोण अडवणार? चारशे नग परत आले. आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, स्वतः गेज घेऊन आले. म्हणाले, "पैसे कापत नाही. पण पुढच्या लॉटचा चेकर तुमच्या सेटरचा पाहुणा नको."

मी चेकर बदलला. सेटर चिडला. महिन्याभरात एका स्पर्धकाने त्याला पगार वाढवून नेलं, आणि त्याच्यामागे सात जण गेले. माणसं आणण्याचं बक्षीस घेऊन गेले, हे मला आजही झोंबतं. दिवाळीच्या तोंडावर मी स्वतः रात्रपाळीला लेथवर उभा होतो.

आता बक्षीस तेवढंच आहे, पण तुकड्यांत : रुजू झाल्यावर पाचशे, तीन महिन्यांनी हजार, वर्ष झाल्यावर दीड हजार. शेवटचा हप्ता हजेरीपटावर ठरतो, आणणाऱ्याच्या शब्दावर नाही. निवड करणाऱ्याला बक्षीस नाही. उमेदवाराला ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर देतो, मोजमाप बाहेरचा माणूस तपासतो. आणणारा आणि आलेला पहिले सहा महिने एका पाळीत नाहीत, एकाने केलेला नग दुसऱ्याने तपासायचा तर कधीच नाही. दर तिसरी जागा आयटीआयच्या नोटीस बोर्डावरूनच भरायची, नाहीतर ज्याची ओळख नाही त्याला दार उघडतच नाही. लहान गाळेवाल्यांनो, पैसे आधी वाटू नका आणि पाहुण्याला गेज देऊ नका, एवढं ऐका.

मागच्या वर्षी पूर्ण तीन हजार घेतले ते डीबरिंगच्या मावशींनी. त्यांच्या चाळीतली आयटीआय झालेली मुलगी त्यांनी आणली होती. याआधी बक्षिसाचं मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं.