तेहतीस गुण आणि दोन रकाने

रात्रीचे साडेअकरा.

निकाल लागून तीन दिवस झाले. संख्याशास्त्रात १०० पैकी ३३. पास व्हायला ४० हवे होते.

परवा मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली होती. डावीकडे ‘माझ्या हातात’, उजवीकडे ‘माझ्या हातात नाही’. ही विभागणी स्टोइक पंथाचा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याची. त्याने स्वतः काही लिहिलं नाही. त्याचा शिष्य आरियन याने गुरूची शिकवण ज्या छोट्या पुस्तिकेत उतरवली, तिचं पहिलंच वाक्य या विभागणीचं आहे. मी डावीकडे लिहिलं अभ्यास आणि पेपर सोडवणं. उजवीकडे प्रश्नपत्रिका, तपासणारे, निकाल. वाटलं होतं, हे लिहून हलकं वाटेल. झालं उलटंच. डावीकडचं सगळं माझं होतं आणि तेच मला जमलं नव्हतं, म्हणजे दोष सगळा माझाच. त्या रात्री झोप लागली नाही.

आज त्या पुस्तिकेचं पहिलं प्रकरण पुन्हा सावकाश वाचलं आणि चूक दिसली. त्याच्या डाव्या रकान्यात अभ्यास नाहीच. तिथे आहे आपलं मत, कृतीकडे वळणारी ओढ, इच्छा आणि नको म्हणणं. शरीर, मालमत्ता, लौकिक, अधिकार हे सगळं उजवीकडे. शरीरसुद्धा! हा माणूस आयुष्याची सुरुवातीची वर्षं गुलाम होता. आपलं शरीर आपल्या हातात नसणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग मी ‘अभ्यास’ हा एकच शब्द फोडायला घेतला. तयारीला चौदा दिवस होते. शेवटचे तीन तापात गेले. ते उजवीकडे, त्याबद्दल वाद नाही. उरले अकरा. या अकरा दिवसांत मी संभाव्यतेचं प्रकरण एकदाही उघडलं नाही. वेळ नव्हता असं नाही, सोपी प्रकरणं मी दोन-दोनदा केली. त्या प्रकरणाकडे हात गेला की मनात यायचं, ‘गणित सुटलं नाही तर मी मठ्ठ ठरेन.’ तो विचार मनात येणं माझ्या हातात नव्हतं. पण मी दर वेळी त्याला मान डोलावली आणि पुस्तक मिटलं. माझं असं जे काही होतं, ते तेवढंच. ते मान डोलावणं. स्टोइक लोक त्याला संमती म्हणतात, आणि रेघ नेमकी तिथून जाते. ती अभ्यास आणि निकाल यांच्या मधून जात नाही, अभ्यासाच्या आतूनच जाते.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती मला टोचते आहे. ते अकरा दिवस आता उजवीकडे गेले. तेव्हा माझ्या हातात होते, आज नाहीत. पण म्हणून ‘झालं ते माझ्या हातात नव्हतं’ असं म्हणून सुटका करून घेतली, तर तो खोटेपणा होईल. खरं-खोटं ओळखायची माझी खूण साधी आहे. ‘हातात नाही’ म्हटल्यावर पुढचं काम स्पष्ट दिसायला लागलं, तर रेघ बरोबर पडली. पुस्तक मिटावंसं वाटलं, तर मी पळवाट शोधते आहे.

परीक्षेच्या हॉलमध्ये हात का थरथरले, तेही आज थोडं उमगलं. एपिक्टेटस एका वादकाचं उदाहरण देतो. एकटा असताना तो बिनधास्त वाजवतो, गातो. रंगमंचावर आला की घाबरतो, आवाज चांगला असूनही. कारण तिथे त्याला नुसतं चांगलं गायचं नसतं, वाहवाही हवी असते, आणि ती त्याच्या हातात नसते. घरी मी हीच गणितं सोडवत होते. हॉलमध्ये मला गणित सोडवायचं नव्हतं, पास व्हायचं होतं. पहिल्या प्रश्नात अडकले तेव्हा मी प्रश्नाकडे बघतच नव्हते, निकालाकडे बघत होते. वीस मिनिटं तिथेच गेली.

गुणांना काही किंमत नाही, असं स्टोइक म्हणत नाहीत. नापास होण्यापेक्षा पास होणं निवडावं, हे त्यांना मान्य आहे. फक्त माणसाचं भलं-बुरं त्यावर टांगू नका, एवढंच ते सांगतात. मला हे अजून पूर्ण पचलेलं नाही. ३३ हा आकडा आठवला की पोटात अजूनही गोळा येतो.

एपिक्टेटस रोज एक सराव करायला सांगायचा. आपणच आपल्याला प्रश्न विचारायचा आणि घटना कोणत्या बाजूची ते सांगायचं. आज करून पाहिला. तेहतीस गुण पडले. माझ्या निवडीबाहेरचं, म्हणून वाईट नाही. लाजेपोटी तीन दिवस आईला सांगितलं नाही. हे निवडीतलं, आणि हे वाईट.

आई अजून जागी आहे, तिच्या खोलीत दिवा दिसतोय. ती काय म्हणेल ते उजवीकडे. वही मिटते आणि जाते.